रात्री 00:05 ची तुतारी: तिकीट 12 तारखेचं की 13 चं?

प्रश्न: यंदा गणपती 14 सप्टेंबरला, सोमवारी आहेत. आम्हाला शनिवारी 12 ला रात्री निघून रविवारी 13 ला कुडाळला पोहोचायचंय. तुतारी दादरहून 00:05 ला सुटते असं दिसतं. मग तिकीट 12 चं काढायचं की 13 चं? आणि वेळापत्रकात Day 2, +1 असं लिहिलेलं असतं, ते नक्की कुठल्या दिवसापासून मोजायचं?

उत्तर:

तिकीट 13 तारखेचं काढा आणि स्टेशनवर 12 ला, शनिवारी रात्री जा. तुमच्या तुतारीपुरतं उत्तर एवढंच आहे. पण तुतारी भरली तर तुम्ही कोकणकन्येकडे वळणार, आणि तिथे हेच उत्तर उलटं होतं. मी तिकिटं काढून देण्याचं काम करतो आणि माझं बहुतेक गिऱ्हाईक कोकणात जाणारं आहे. गणपतीच्या दिवसांत तारखेचा जो घोटाळा होतो तो बहुतेक वेळा या दोन गाड्यांच्या मधेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेल्वेची तारीख रात्री 00:00 ला बदलते. 23:59 पर्यंत शनिवार 12, त्याच्या पुढच्या मिनिटाला रविवार 13. आपल्या घरात मात्र दिवस तसा मोजत नाहीत. शनिवारी जेवून, बॅगा भरून, बाराच्या सुमारास गाडीत बसलो तरी आपल्या लेखी ती शनिवारची रात्रच असते आणि उजाडलं की रविवार. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयापासून सुरू होतो. त्यामुळे "शनिवारी रात्रीची गाडी" म्हणणाऱ्याचं काही चुकत नाही, फक्त आरक्षणाच्या रकान्यात ती शनिवारची गाडी नसते. 00:05 म्हणजे रविवार सुरू होऊन पाच मिनिटं झालेली. म्हणून प्रवासाची तारीख 13.

तुम्ही 12 तारीख टाकली असती तरी कुठेही लाल अक्षरात इशारा आला नसता. तुतारी रोज धावते, त्यामुळे 12 लाही 00:05 ला ती आहेच. तिकीट निघालं असतं, सीट नंबर मिळाला असता, पैसे कापले गेले असते. ती गाडी शुक्रवारी 11 च्या रात्री दादरहून निघून गेली असती आणि तुम्ही शनिवारी रात्री तिकीट हातात घेऊन फलाटावर उभे राहिला असतात. रोजच्या गाडीत ही चूक लपून राहते. आठवड्यातून एकदाच धावणारी गाडी असती तर चुकीच्या तारखेला ती यादीत दिसलीच नसती आणि माणूस तिथेच थबकला असता.

एकाच पानावर दिसणाऱ्या दोन गाड्या

IRCTC वर From मध्ये दादर (DR), To मध्ये कुडाळ (KUDL) आणि तारीख 13 सप्टेंबर टाकून बघा. यादीत 11003 तुतारी दिसेल, सुटण्याची वेळ 00:05. त्याच यादीत खाली 20111 कोकणकन्या दिसेल. ती सीएसएमटीहून 23:05 ला निघते आणि दहाएक मिनिटांत दादरला येते. दोन्हींसमोर तारीख 13 सप्टेंबरच. दोन्ही "रात्रीच्या गाड्या", दोन्ही कुडाळला थांबणाऱ्या. बघणाऱ्याला वाटतं, तुतारीला वेटिंग आहे, तर त्याच रात्रीची कोकणकन्या घेऊ.

ती त्याच रात्रीची नाही. 13 तारखेच्या पानावरची तुतारी त्या दिवसाच्या पहिल्या पाच मिनिटांत सुटते आणि कोकणकन्या त्या दिवसाच्या शेवटच्या तासात. दोन्हींमध्ये जवळजवळ तेवीस तासांचं अंतर आहे. 13 ची कोकणकन्या रविवारी रात्री निघते आणि कुडाळला सोमवारी 14 ला पोहोचते, म्हणजे ऐन चतुर्थीच्या दिवशी. तुम्हाला आदल्या दिवशी जाऊन मखर लावायचं, बाजार करायचा, मूर्ती आणायची, आणि तिकीट निघालं चतुर्थीच्या सकाळी पोहोचणाऱ्या गाडीचं.

शनिवारी रात्री दादरच्या फलाटावर खरोखर काय घडतं ते बघा. सव्वाअकराच्या सुमारास कोकणकन्या येते आणि जाते. तिच्यात बसलेल्यांच्या तिकिटावर 12 तारीख असते. पाऊण-एक तासाने तुतारी सुटते. तिच्यात बसलेल्यांच्या तिकिटावर 13 असते. दोन्हींतली माणसं संध्याकाळी एकाच वेळी घरून निघालेली असतात आणि रविवारी उतरतात. तारखा मात्र वेगळ्या.

म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी आधी तारीख विचारत नाही. "घरून कुठल्या वारी रात्री निघणार आणि गावाला कुठल्या वारी उतरणार?" एवढंच विचारतो. मग शनिवार रात्र ते रविवार असा प्रवास असेल तर तुतारीसाठी 13 ची यादी उघडायची आणि कोकणकन्येसाठी 12 ची. दोन्ही गाड्या एकाच यादीत शोधायच्या नाहीत. तुतारी मिळाली नाही तर सरळ मागे जाऊन तारीख बदलायची, मगच कोकणकन्या बघायची.

गणपतीच्या जादा गाड्यांनाही हेच लागू आहे. गेल्या काही वर्षांत सीएसएमटीहून 00:20 ला सुटणारी सावंतवाडी विशेष गाडी गणपतीत असते. यंदाच्या गाड्यांच्या वेळा त्या जाहीर होतील तेव्हाच धरा. पण अशी गाडी असली तर तिचं तिकीट तुतारीसारखंच 13 चं लागेल. रेल्वेच्या पत्रकात अशा गाडीबद्दल "00.20 वाजता सुटेल आणि त्याच दिवशी अमुक वाजता पोहोचेल" असं वाक्य असतं. त्यातला "त्याच दिवशी" हा शब्द लक्ष देऊन वाचा. रात्रभर प्रवास करूनही "त्याच दिवशी" लिहिलंय म्हणजे गाडी मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि तुम्हाला आदल्या रात्री स्टेशनवर जायचंय. "दुसऱ्या दिवशी पोहोचेल" लिहिलं असेल तर ती मध्यरात्रीच्या आधी सुटणारी आहे.

एकच गाडी, चढण्याच्या स्टेशनप्रमाणे वेगळी तारीख

आता यातला सगळ्यात अडचणीचा भाग. तुम्ही दादरहून चढणार आहात, पण तुमच्यासोबत येणारे काका-मावशी पनवेलला राहत असतील तर हे त्यांच्यासाठी.

कोकणकन्या सीएसएमटीहून 12 ला 23:05 ला निघते. दादर, ठाणे ही स्टेशनं मध्यरात्रीच्या आत होतात. पनवेलला पोहोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. गाडी तीच, डबे तेच, पण पनवेलच्या फलाटावर ती 13 तारखेला उभी असते. तिकिटाची तारीख ही From मध्ये टाकलेल्या स्टेशनवरून गाडी सुटण्याची तारीख असते, गाडी मुळात जिथून निघाली तिथली नव्हे. म्हणून From मध्ये सीएसएमटी, दादर किंवा ठाणे असेल तर तारीख 12, आणि From मध्ये पनवेल (PNVL) असेल तर तारीख 13.

समजा तुम्ही दादरहून आणि काका पनवेलहून, दोघांना एकाच कोकणकन्येत जायचंय. तुमचं तिकीट 12 चं, त्यांचं 13 चं. दोघांनी 12 चं काढलं तर काका शुक्रवारी रात्री निघालेल्या गाडीचे प्रवासी होतात. दोघांनी 13 चं काढलं तर तुम्ही रविवारी रात्री निघणाऱ्या गाडीचे होता. दोन्ही प्रकारांत घरच्यांना वाटतं की तारखा जुळल्या म्हणजे गाडी जुळली. इथे तारखा जुळल्या तरच गाडी चुकते.

तुतारीचं असं होत नाही. ती मुळातच 00:05 ला निघते, त्यामुळे दादर, ठाणे, पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी या सगळ्या वाटेवर एकच तारीख असते. वेगवेगळ्या स्टेशनांवर चढणाऱ्या घरच्या माणसांना एकत्र जायचं असेल तर मी शक्यतो तुतारी सुचवतो. सगळ्यांच्या तिकिटावर 13 च असतं, फोनवरून समजावून सांगायला सोपं पडतं.

बोर्डिंग पॉइंट बदलण्याचाही प्रश्न इथेच येतो. पुष्कळ लोक तिकीट सीएसएमटीपासून काढतात आणि चढण्याचं स्टेशन पनवेल ठेवतात, कारण मूळ स्टेशनच्या कोट्यात जागा मिळण्याची शक्यता बऱ्याचदा जास्त असते. अशा वेळी तारीख From च्या स्टेशनची, म्हणजे सीएसएमटीची, म्हणजे 12. "पण आम्ही तर पनवेलला बारानंतर चढणार" म्हणून 13 टाकली की पुढच्या दिवसाची गाडी झाली. तिकिटावर मग तिकीट जिथून आहे ते स्टेशन आणि चढण्याचं स्टेशन अशी दोन नावं वेगवेगळी छापून येतात. चढण्याच्या स्टेशनवरची तारीख-वेळ तेवढी नीट वाचायची.

Day 2 आणि +1 कुठून मोजायचे

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. गोंधळ होतो कारण ही दोन वेगळी मोजमापं आहेत आणि दोन वेगळ्या जागांवरून सुरू होतात.

गाडीच्या पूर्ण वेळापत्रकात शेवटी Day नावाचा रकाना असतो. तो गाडीचा दिवस आहे, तुमचा नाही. गाडी मूळ स्टेशनवरून ज्या तारखेला निघाली तो तिचा पहिला दिवस. रात्री 00:00 झाले की दुसरा. चोवीस तास पूर्ण व्हावे लागत नाहीत. कोकणकन्येचा पहिला दिवस जेमतेम पंचावन्न मिनिटांचा आहे. 23:05 ला सुरू झाला आणि मध्यरात्री संपला. म्हणून तिच्या वेळापत्रकात सीएसएमटी, दादर, ठाणे यांच्यापुढे 1 आणि पनवेलपासून शेवटपर्यंत 2 दिसतात.

+1 हे मात्र तुमच्या चढण्याच्या स्टेशनपासून मोजलेलं असतं. बऱ्याच ॲपवर आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांवर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ते लिहितात. तुम्ही ज्या तारखेला चढलात तिच्या पुढच्या तारखेला उतराल, इतकाच त्याचा अर्थ. IRCTC च्या यादीत +1 ऐवजी पोहोचण्याची पूर्ण तारीख आणि वार लिहिलेला असतो, मला तो प्रकार जास्त पसंत आहे.

या दोन्हींची सांगड घालायची तर उतरण्याच्या स्टेशनचा Day घ्या, त्यातून चढण्याच्या स्टेशनचा Day वजा करा, आणि जे उरेल ते तुमच्या तिकिटाच्या तारखेत मिळवा. कोकणकन्येने दादर ते कुडाळ: 2 वजा 1, उरला 1. 12 चं तिकीट, 13 ला कुडाळ. त्याच गाडीने पनवेल ते कुडाळ: 2 वजा 2, उरलं शून्य. 13 चं तिकीट, 13 लाच कुडाळ. पनवेलच्या काकांनी वेळापत्रकात कुडाळसमोर 2 बघितला आणि "म्हणजे आपण 14 ला पोहोचणार" असं धरलं तर ते चूक. तो 2 त्यांनी चढल्यापासूनचा नाही, गाडी मुंबईहून निघाल्यापासूनचा आहे.

लांबच्या गाडीत हे आणखी ठळक दिसतं. 12617 मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस एर्नाकुलमहून निघते, कोकणातून पनवेल-कल्याणमार्गे दिल्लीला हजरत निजामुद्दीनला जाते. पनवेलला ती तिच्या दुसऱ्या दिवशी येते आणि निजामुद्दीनला तिसऱ्या दिवशी पोहोचते. पनवेलहून बसणारा माणूस वेळापत्रकात Day 3 बघतो आणि दोन रात्री गाडीत काढायच्या असं समजून डबे भरतो. प्रत्यक्षात 3 वजा 2, एकच रात्र.

+1 वरून प्रवास किती तासांचा ते कळत नाही, हेही ध्यानात ठेवा. तुतारी आणि कोकणकन्या दोन्ही रात्रभर धावून कुडाळला जातात. कोकणकन्येसमोर दादरहून +1 असतो, तुतारीसमोर काहीच नसतो. काहीच नाही म्हणजे ती दिवसाची गाडी आहे असं नव्हे. रात्रीचा प्रवास आहे आणि तरी +1 नाही असं दिसलं की लगेच सुटण्याची वेळ बघायची. ती मध्यरात्र उलटल्यानंतरची असणार.

आणखी एक +1 आहे ज्याचा तारखेशी संबंध नाही. तिकीट निघाल्यावर जो मेसेज येतो त्यात पहिल्या प्रवाशाच्या नावापुढे +1, +3 असं असतं. ते त्याच्याबरोबरच्या बाकीच्या प्रवाशांची संख्या आहे. मेसेजमध्ये तारखेसाठी DOJ आणि सुटण्याच्या वेळेसाठी DP बघायचं:

```
TRN:11003,DOJ:13-09-26,SL,DR-KUDL,DP:00:05
```

DOJ आणि DP नेहमी जोडीने वाचा. नुसतं 13-09 वाचून थांबलात तर रविवारी रात्र डोळ्यांसमोर येते. पुढचं 00:05 वाचलं की शनिवारची रात्र कळते.

ज्या गाड्या आठवड्यातून काहीच दिवस धावतात त्यांच्या वारांनाही हाच नियम आहे. वेळापत्रकात "दर शुक्रवारी" लिहिलेलं असतं ते मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या वाराबद्दल. ती गाडी तुमच्या स्टेशनवर मध्यरात्रीनंतर येत असेल तर तुमच्यासाठी ती शनिवारची.

आरक्षण आणि तत्काळ कधी उघडतं

गणपतीत हा मुद्दा नडतो, कारण आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत वेटिंग सुरू होतं. एक दिवस उशीर म्हणजे तिकीट गेलं.

1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत, आणि वेळ सकाळी 8 ची. हे दिवस गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. तुतारी मुळातच 13 सप्टेंबरला सुटते, म्हणून तिचं आरक्षण 15 जुलैला. कोकणकन्या सीएसएमटीहून 12 सप्टेंबरला सुटते, म्हणून तिचं 14 जुलैला. आणि काकांचं पनवेलहून 13 तारखेचं तिकीट हे त्याच 12 ला सुटलेल्या गाडीचं असल्यामुळे तेही 14 जुलैलाच मिळू लागतं. त्यांनी "आमचं तिकीट 13 चं, म्हणजे 15 जुलैला बसू" असं धरलं तर पूर्ण एक दिवस हातचा जातो आणि 15 ला सकाळी 8 वाजता उघडून बघताना वेटिंगचा आकडा दिसतो.

तत्काळचंही तसंच. गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी 10 वाजता आणि स्लीपरसाठी 11 वाजता. तुतारीचं तत्काळ 12 सप्टेंबरला, म्हणजे ज्या शनिवारी रात्री निघायचं त्याच सकाळी. कोकणकन्येचं 11 ला, शुक्रवारी, आणि पनवेलहून 13 तारखेला चढणाऱ्यांसाठीही 11 लाच. प्रवासाची तारीख म्हणून तेव्हा 13 च टाकायची, फक्त खिडकी दोन दिवस आधी उघडते. यातून एक सोय होते. शुक्रवारी कोकणकन्येचं तत्काळ हुकलं तर शनिवारी सकाळी तुतारीचं बघता येतं, आणि दोन्ही गाड्या शनिवारी रात्रीच्याच आहेत. हा क्रम मी गिऱ्हाइकांना आधीच कागदावर लिहून देतो.

तिकीट हातात आल्यावर

तिकीट काढणारा आणि प्रवास करणारा वेगळा असला की दुसऱ्या प्रकारची चूक होते. भाचा ऑफिसमधून बरोबर 13 चं तिकीट काढतो आणि लालबागला राहणाऱ्या मामांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. मामा 13 बघतात, कॅलेंडरवर 13 ला रविवार बघतात आणि रविवारी रात्री दादरला पोहोचतात. तिकीट बरोबर होतं, गाडी कालच गेली. म्हणून मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट पाठवताना मी त्याखाली वेगळी ओळ लिहितो: "शनिवार 12 सप्टेंबर, रात्री 11 वाजता दादर स्टेशनवर हजर." गाडीची वेळ लिहीत नाही, स्टेशनवर पोहोचण्याची लिहितो, कारण ती वेळ मध्यरात्रीच्या अलीकडे येते आणि वाराबद्दल शंका राहत नाही. मोबाइलमध्ये आठवण लावायची तीही शनिवारी संध्याकाळची लावा. 13 तारखेला 00:05 ची लावली तर ती वाजेल तेव्हा गाडी हललेली असेल.

तिकीट चुकीच्या तारखेचं निघालंय असं लक्षात आलं तर पुढचं सगळं ते कधी लक्षात आलं यावर अवलंबून आहे. प्रवासाला बरेच दिवस असतील तर आधी बरोबर तारखेचं नवीन तिकीट काढा, मग जुनं रद्द करा. उलट क्रमाने करू नका. गणपतीत रद्द केलेली जागा परत मिळत नाही आणि नवीन मिळेल याचीही खात्री नसते, त्यामुळे बरोबर तारखेला लांबलचक वेटिंग असेल तर जुनं तिकीट लगेच सोडायचं की नाही हे घरच्यांच्या सुट्ट्या बघून ठरवावं लागतं. कधीकधी एक दिवस आधी निघणं परवडतं. रद्द करायचंच असेल तर लांबवू नका. गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते, आणि कन्फर्म तत्काळ तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं तर ते तिकीट संपलं. कालच्या तारखेचं तिकीट दाखवून आजच्या तुतारीत बसता येत नाही. टीसीच्या यादीत तुमचं नाव नसतं, तुमची कालची जागा कालच दुसऱ्याला दिलेली असते, आणि तुम्हाला विनातिकीट धरून भाडं अधिक दंड घेतला जातो. दंड भाड्याइतका किंवा कमीत कमी 250 रुपये, माणशी. चार जणांच्या कुटुंबाला ते परवडणारं नाही. अशा वेळी फलाटावर टीसीशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. खिडकीवर जाऊन जनरलचं तिकीट काढा आणि जनरल डब्यातून जा, किंवा रातोरात एसटीची चौकशी करा. गणपतीत जादा एसटी सुटतात, त्यात जागा मिळण्याची आशा असते.

उशीर आणि परतीचा प्रवास

पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या सावकाश चालवतात, वेळापत्रक वेगळं असतं आणि सप्टेंबरचा मध्य त्यातच येतो. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा तिकिटावर छापलेल्याच धरा. गाडीला उशीर झाला म्हणून तिकिटाची तारीख बदलत नाही. 12 ची कोकणकन्या दोन तास उशिरा, रात्री एक वाजता सुटली तरी तुमचं 12 चं तिकीट चालतं, कारण तारीख ठरलेल्या वेळेवरून असते.

गाडी कुठे आहे हे मोबाइलवर बघताना मात्र सावध राहा. पुष्कळ ॲप गाडी मूळ स्टेशनवरून कधी निघाली ती तारीख विचारतात किंवा "आजची" आणि "कालची" अशा दोन गाड्या दाखवतात. पनवेलला रात्री साडेबाराला उभे असलेले काका "आजची" कोकणकन्या निवडतील तर ॲप सांगेल की गाडी अजून निघालेलीच नाही, कारण आजची म्हणजे 13 ला रात्री 23:05 ला निघणारी. त्यांना "कालची" निवडायला सांगा. तुतारीसाठी त्या वेळी "आजची" बरोबर. कोणती गाडी आपली याबद्दल शंका असेल तर गाडी शेवटच्या कोणत्या स्टेशनवरून गेली ते बघा. ठाण्याहून निघून गेलेली असेल तर तीच तुमची.

परतीचं तिकीट काढताना संध्याकाळी सावंतवाडी किंवा कुडाळहून बसलात तर घोळ नाही. ज्या संध्याकाळी निघता तीच तारीख, मुंबईत दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा सकाळी, म्हणजे +1. पण तुमच्यापैकी कोणी मधेच चिपळूण किंवा खेडला चढणार असेल तर त्यांच्या स्टेशनवरची वेळ वेगळी बघा. या रात्रीच्या गाड्यांना मुंबईकडे येताना रत्नागिरी ओलांडल्यावर त्या भागात मध्यरात्र गाठते. वेळ 23 ने सुरू होत असेल तर तुमच्याच तारखेचं तिकीट, मध्यरात्र उलटल्यानंतरची असेल तर पुढच्या तारखेचं, आणि स्टेशनवर मात्र त्यांनी तुमच्याच दिवशी रात्री जेवून निघायचं.